फेव्हरेबल म्हणजे चांगलंच असतं का? मटेरियल आणि लेबर व्हेरियन्स नीट वाचायचे कसे

स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये आधी ठरवलेला खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यातल्या फरकाला व्हेरियन्स म्हणतात. ते शिकताना बहुतेकांचे फॉर्म्युले पाठ होतात, उत्तरं बरोबर येतात, आणि तरी खरा व्हेरियन्स रिपोर्ट समोर आला की पहिली नजर फक्त एफ आणि ए या दोन अक्षरांवर जाते. एफ म्हणजे फेव्हरेबल, खर्च ठरल्यापेक्षा कमी, तो दिसला की हायसं वाटतं आणि ए म्हणजे ॲडव्हर्स, खर्च ठरल्यापेक्षा जास्त, तो दिसला की कोणाला तरी जाब विचारायचा. माझं स्पष्ट मत आहे की ही अक्षरं निकाल नसतात, ती फक्त आकडा कुठल्या बाजूला गेला एवढंच सांगतात. तो का गेला हे कळायला एका व्हेरियन्सच्या शेजारी दुसरा ठेवून बघावं लागतं, म्हणून इथे एकच केस घेतो आणि ती शेवटपर्यंत सोडवतो.

समजा शर्ट शिवणारी एक फॅक्टरी आहे. एका शर्टाचं स्टँडर्ड असं ठरलंय की कापड २ मीटर, १५० रुपये मीटरने, म्हणजे ३०० रुपये. आणि लेबर ४५ मिनिटं, १०० रुपये तासाने, म्हणजे ७५ रुपये. महिन्याचं बजेट ५,००० शर्टांचं होतं पण प्रत्यक्षात ४,८०० शर्ट झाले. कापड १२,००० मीटर खरेदी केलं, १४२ रुपये मीटरने, त्यातलं १०,२०० मीटर वापरलं आणि १,८०० मीटर स्टोअरमध्ये पडून आहे. लेबरला ४,००० तासांचे ४,१६,००० रुपये दिले, आणि त्या ४,००० तासांपैकी १२० तास लोक नुसते बसून होते.

पहिली गफलत इथेच होते. बजेट ५,००० शर्टांचं म्हणून कापडाचं बजेट १५,००,००० रुपये, वापरलेल्या कापडाचा खर्च १४,४८,४००, म्हणजे चक्क ५१,६०० रुपये वाचले असं कोणीही म्हणेल. पण शर्टच २०० कमी झालेत, मग खर्च कमी दिसणारच की. तुलना नेहमी जेवढं खरंच बनलं तेवढ्यासाठी स्टँडर्डप्रमाणे किती लागायला हवं होतं त्याच्याशी करायची. ४,८०० शर्टांना ३०० रुपयांप्रमाणे १४,४०,००० लागायला हवे होते, म्हणजे खरं चित्र बचतीचं नाहीच, ८,४०० रुपये ॲडव्हर्स आहे. पुढचे सगळे हिशोब याच पायावर उभे राहतात, त्यामुळे रिपोर्ट हातात आला की बजेटचे युनिट घेतलेत का झालेले युनिट घेतलेत हे मी सगळ्यात आधी तपासतो, बाकीचं नंतर.

आता हे ८,४०० फोडूया. मटेरियल व्हेरियन्सचे दोन तुकडे होतात, भावामुळे किती आणि वापरामुळे किती.

प्राइस व्हेरियन्स = (स्टँडर्ड भाव − प्रत्यक्ष भाव) × प्रत्यक्ष क्वांटिटी
युसेज व्हेरियन्स = (स्टँडर्ड क्वांटिटी − प्रत्यक्ष क्वांटिटी) × स्टँडर्ड भाव

वापरलेल्या कापडावर प्राइस व्हेरियन्स काढला तर ८ रुपये गुणिले १०,२००, म्हणजे ८१,६०० फेव्हरेबल. युसेजमध्ये ४,८०० शर्टांना ९,६०० मीटर पुरायला हवं होतं, लागलं १०,२००, म्हणजे ६०० मीटर जास्त, गुणिले १५०, म्हणजे ९०,००० ॲडव्हर्स. दोन्हींची वजाबाकी बरोबर ८,४०० ॲडव्हर्स येते. युसेजला १४२ न लावता १५० का लावायचा असं खूप जण विचारतात. कारण सोपं आहे, कटिंग रूमने कापड वाया घालवलं त्याची किंमत खरेदीवाल्याने काय भाव मिळवला यावर बदलू नये. कटिंगवाल्याचं काम स्टँडर्ड भावावरच मोजलं जातं आणि भावाचा सगळा फरक खरेदीच्या खात्यात जातो. यात एक छोटासा कोपरा मात्र राहतो, वाया गेलेल्या ६०० मीटरवरचे ८ रुपये म्हणजे ४,८०० रुपये हेसुद्धा खरेदीवाल्याच्या फेव्हरेबलमध्ये जमा होतात. म्हणजे वाया गेलेल्या कापडावरची बचतही त्याच्या नावावर लागते! पद्धत तशीच आहे आणि ती सगळीकडे चालते, फक्त वाचताना ध्यानात असू द्या.

आता बघा, एकूण ८,४०० म्हणजे १४,४०,००० च्या एक टक्क्यापेक्षाही कमी. बऱ्याच ठिकाणी नियम असतो की पाच टक्क्यांच्या आतला फरक असला तर चौकशी करायची नाही, आणि तो नियम टोटलवर लावला तर ही लाइन गुपचूप पास होते. पण आतमध्ये एक तुकडा साडेपाच टक्क्यांच्या वर फेव्हरेबल आहे आणि दुसरा सहा टक्क्यांच्या वर ॲडव्हर्स आहे, दोघांनी एकमेकांना झाकून टाकलंय. त्यामुळे मर्यादा लावायचीच तर ती प्रत्येक तुकड्यावर लावा, टोटलवर नको.

अजून एक गोष्ट आहे जी पुस्तकात दोन ओळीत उरकतात आणि प्रत्यक्षात तिने रिपोर्टचं तोंडच फिरतं. प्राइस व्हेरियन्स वापराच्या वेळी काढायचा का खरेदीच्या वेळी? स्टॉक स्टँडर्ड भावाने ठेवणाऱ्या कंपन्या तो खरेदीच्या वेळीच काढतात, म्हणजे पूर्ण १२,००० मीटरवर, ८ रुपयांप्रमाणे ९६,००० फेव्हरेबल. युसेज तोच, ९०,००० ॲडव्हर्स. आता नेट आलं ६,००० फेव्हरेबल! फॅक्टरी तीच, कापड तेच, महिना तोच, आणि चिन्ह उलटं. मला स्वतःला खरेदीच्या वेळी काढायची पद्धत जास्त पटते, कारण भावाची बातमी लवकर कळते आणि खरेदीवाल्याशी बोलायची वेळ तीच असते, महिन्या दोन महिन्यांनी कापड वापरल्यावर बोलून काय उपयोग. पण मग एक पथ्य पाळावं लागतं. ९६,००० मधले १४,४०० रुपये हे त्या १,८०० मीटरचे आहेत जे अजून कापलंच नाही, त्यातून किती वाया जाणार ते पुढच्या महिन्यात दिसणार. फायदा या महिन्यात मोजून झाला आणि त्याची किंमत मात्र पुढे द्यायची आहे, त्यामुळे असे दोन आकडे शेजारी मांडून सरळ बेरीज करू नका, निदान वाचणाऱ्याला तरी सांगा की क्वांटिटी वेगवेगळी आहे.

लेबरकडे वळूया. सांगाडा तोच आहे, भावाच्या जागी रेट आणि मीटरच्या जागी तास, फक्त मध्ये आयडल टाइम वेगळा काढायचा. दिलेले तास ४,०००, एकूण ४,१६,००० म्हणजे सरासरी १०४ रुपये तास. रेट व्हेरियन्स ४ रुपये गुणिले ४,०००, १६,००० ॲडव्हर्स. बसून काढलेले १२० तास गुणिले १०० म्हणजे १२,००० ॲडव्हर्स, हा आयडल टाइम व्हेरियन्स. राहिले ३,८८० कामाचे तास, ४,८०० शर्टांना ३,६०० लागायला हवे होते, २८० तास जास्त गेले, एफिशियन्सी व्हेरियन्स २८,००० ॲडव्हर्स. तिन्ही मिळून ५६,०००, आणि ३,६०,००० विरुद्ध ४,१६,००० चा फरकही तेवढाच.

आयडल टाइम वेगळा का काढायचा तर तो नाही काढला की एफिशियन्सी ४०,००० ॲडव्हर्स दिसते आणि सगळं शिलाईच्या लोकांच्या माथी येतं. लाइट गेली किंवा कापलेला माल वरून आलाच नाही, तर शिवणारा करणार काय? त्याचा वेग आणि त्याला काम न मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्थात हे तेव्हाच जमतं जेव्हा सुपरवायझर आयडल तास वेगळ्या कार्डावर कारण लिहून नोंदवतो. ती नोंद नसेल तर ऑफिसमध्ये बसून कितीही फॉर्म्युले लावा, हा फरक सापडणार नाही.

आता रिपोर्ट असा दिसतो की खरेदी विभाग फेव्हरेबल आणि बाकी सगळे ॲडव्हर्स. मीटिंगमध्ये खरेदीवाल्याचं कौतुक, प्रॉडक्शनवाल्याला झाप. आणि इथेच थांबून प्रत्यक्ष काम चालतं तिथे जाऊन बघायला हवं.

१४२ चं कापड आलं कुठून? समजा नेहमीच्या पुरवठादाराऐवजी दुसऱ्याकडून घेतलंय. त्यात विणीतले दोष जास्त आहेत, रोलमध्ये शेडचा फरक आहे आणि पन्हा सांगितल्यापेक्षा थोडा कमी भरतोय. पन्हा कमी झाला की मार्करमध्ये, म्हणजे कापडावर पॅटर्न मांडायच्या आराखड्यात, पॅटर्नचे तुकडे तितके दाट बसत नाहीत, मार्कर लांब होतो, दर शर्टामागे कापड जास्त लागतं, आणि हे कटिंग मास्टर कितीही हुशार असला तरी टळत नाही. दोष असलेला पॅनल शिवणीच्या आधी बाजूला काढावा लागतो, त्याच शेडच्या रोलमधून नवा कापावा लागतो, तोवर त्या बंडलचं काम अडून राहतं. म्हणजे खरेदीतल्या ८ रुपयांनी युसेज बिघडवला, मग आयडल टाइम, मग एफिशियन्सी, आणि ऑर्डरची तारीख गाठायला ओव्हरटाइम करावा लागला तो रेट व्हेरियन्समध्ये येऊन बसला.

पण हे नुसतं म्हणून चालत नाही, कागदावर दाखवता आलं पाहिजे, नाहीतर प्रॉडक्शनवाला प्रत्येक वेळी खरेदीवर ढकलून मोकळा होईल. दाखवायला लागणारे कागद बहुतेक फॅक्टरीत असतातच. ठरलेल्या क्वांटिटीच्या वर कापड काढायचं तर स्टोअर जादा मागणीची वेगळी स्लिप घेतं आणि त्यावर कारण असतं. आपल्या केसमध्ये त्या स्लिपा जोडल्या तर समजा ४३० मीटर दोषी पॅनल पुन्हा कापायला गेले, १०० मीटर पन्हा कमी म्हणून, आणि ७० मीटर चुकीचं कापल्यामुळे. म्हणजे ६०० पैकी ५३० मीटर कापडाच्या दर्जामुळे आणि फक्त ७० मीटर कटिंगच्या चुकीमुळे. जॉब कार्डांवरून २८० जादा तासांपैकी २०० तास पॅनल बदलण्यात गेले. आयडल १२० पैकी ८० तास कापलेल्या मालाची वाट बघण्यात आणि ४० तास वीज नव्हती म्हणून. ओव्हरटाइम १६० तास, दुप्पट दराने, त्याचा जादा भाग तासाला १०० रुपये म्हणजे १६,००० रुपये, जो आपला अख्खा रेट व्हेरियन्स आहे. म्हणजे पगार कोणाचाच वाढला नव्हता! नुसता १०४ चा सरासरी रेट बघितला असता तर एचआरला जाब विचारला गेला असता.

आता ८ रुपयांच्या बचतीचा खरा हिशोब करा. वापरलेल्या कापडावर वाचले ८१,६००. त्यापायी गेले ५३० मीटरचे ७९,५००, पॅनल बदलण्याचे २०,०००, वाट बघण्याचे ८,००० आणि ओव्हरटाइमचे १६,०००, एकूण १,२३,५००. म्हणजे स्वस्त कापडाने ४१,९०० रुपयांचा तोटा केला, आणि जो एकमेव विभाग रिपोर्टमध्ये फेव्हरेबल होता त्याच्याच निर्णयाने केला. उरलेलं जे खरंच प्रॉडक्शनचं आहे ते बघा, ७० मीटरचे १०,५०० आणि ८० तासांचे ८,०००. एवढंच. त्याबद्दल बोलावं, पण युसेज आणि लेबर मिळून आलेल्या सगळ्या १,४६,००० च्या ॲडव्हर्सबद्दल त्याला झापणं हा सरळ सरळ अन्याय आहे, आणि पुढच्या महिन्यापासून तो स्लिपांवर खरी कारणं लिहायचं बंद करतो ते वेगळंच.

कारण खरंच कापडच आहे का हे ओळखायची एक साधी खूण सांगतो. महिन्याचा एकच आकडा बघू नका, युसेज लॉटप्रमाणे किंवा निदान आठवड्याप्रमाणे लावा. नवा लॉट ज्या दिवशी कटिंगला लागला त्याच दिवसापासून शर्टामागचं कापड २ मीटरवरून वर गेलं असेल तर कापड दोषी. आधीच्या लॉटवरही तेवढंच जास्त जात असेल तर कारण दुसरीकडे शोधा, मार्कर, ब्लेड, नवा माणूस, किंवा मुळात ते २ मीटरचं स्टँडर्डच जुनं झालेलं.

हा शेवटचा मुद्दा जरा सविस्तर बोलायला हवा, कारण स्टँडर्ड चुकीचं असेल तर फेव्हरेबल ॲडव्हर्स दोन्ही खोटे. समजा कापडाचा बाजारभावच वर्षाच्या मध्ये सगळीकडे १४० वर आला. स्टँडर्ड अजून १५०. मग खरेदीवाल्याने १४२ ला घेतलं यात कर्तबगारी काय? यासाठी प्राइस व्हेरियन्स दोन भागात फोडतात. जुनं स्टँडर्ड १५० आणि सुधारलेलं १४०, हा १० रुपयांचा फरक गुणिले १२,००० म्हणजे १,२०,००० फेव्हरेबल, याला प्लॅनिंग व्हेरियन्स म्हणतात आणि त्याचं श्रेय किंवा दोष कोणत्याच विभागाचा नाही. १४० विरुद्ध १४२, २ रुपये गुणिले १२,०००, म्हणजे २४,००० ॲडव्हर्स, हा ऑपरेशनल, खरेदीवाल्याचा. बेरीज परत तीच ९६,०००. पण गोष्ट पूर्ण उलटी झाली ना. मात्र हे हत्यार सांभाळून वापरावं, कारण सुधारलेलं स्टँडर्ड महिना संपल्यावर ठरवतात, आणि ज्याचा ॲडव्हर्स आलाय त्याला बाजारच वाईट होता असं म्हणायची सोय मिळते. भाव बाहेरून, म्हणजे छापील दर किंवा दुसऱ्या पुरवठादारांची कोटेशन यावरून सिद्ध होत असेल तरच स्टँडर्ड सुधारावं, विभागाच्या सांगण्यावरून नाही.

एफिशियन्सीबद्दलही एक मर्यादा. २८० जादा तासांचे २८,००० असं आपण लिहिलं, पण लोक महिन्याच्या पगारावर असतील तर ते तास वाचले असते तरी पगार गेलाच असता, खिशातून खरे जादा गेले ते ओव्हरटाइमचे. म्हणजे वर काढलेल्या ४१,९०० च्या तोट्यातला काही भाग रोख तोटा नसून वाया गेलेली क्षमता आहे. उलट बाजूने, एफिशियन्सी फेव्हरेबल आली म्हणून पैसे वाचले असंही होत नाही, वाचलेल्या तासात जास्त शर्ट शिवून विकले किंवा ओव्हरटाइम कमी झाला तरच. आणि फेव्हरेबल एफिशियन्सीसोबत तपासणीत नापास होणारे शर्ट वाढलेले दिसले तर वेग कुठून आला ते आपोआप कळतं, म्हणून तो आकडा मी रिजेक्शनशिवाय कधीच वाचत नाही. तसंच युसेज अचानक फेव्हरेबल आला तर शिलाईची जागा कमी ठेवून कापड वाचवलंय का तेही एकदा मापून बघावं, ग्राहकाच्या परतीच्या मालात ते उशिरा दिसतं.

आपल्या केसमध्ये आता स्टोअरमधल्या १,८०० मीटरचं काय करायचं हा प्रश्न उरतो. १०,२०० मीटरमागे कापडामुळे ५३० मीटर वाया गेले त्याच हिशोबाने यातून अजून साधारण ९४ मीटर जातील, म्हणजे १४,००० रुपयांच्या आसपास युसेज ॲडव्हर्स पुढच्या महिन्यात येणार हे आजच माहीत आहे, वर पॅनल बदलायचे तास आणि वाट बघणं वेगळं. दोष आणि कमी पन्हा यांचा तपासणी रिपोर्ट असेल तर पुरवठादाराला डेबिट नोट लावून हे कापड परत पाठवायचा प्रयत्न करावा. परत जात नसेल तर कटिंगला देताना लॉट नंबर स्लिपवर लिहून द्यावा आणि पुढच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्या लॉटचा युसेज वेगळ्या ओळीत दाखवावा.